वजा खर्च आला की डायक्स्ट्रा चुकतो

भिवंडीच्या गोदामातून ट्रक कल्याणला न्यायचा आहे. समजा, थेट खर्च २ हजार रुपये आणि भिवंडी ते ठाणे ५ हजार. पण ठाण्याहून कल्याणसाठी भाडं मिळतं आणि खर्च वजा जाता ४ हजार उरतात. म्हणजे त्या टप्प्याचा खर्च उणे ४.

डायक्स्ट्राची पद्धत (१९५९) सर्वांत स्वस्त ठिकाण आधी निवडते आणि त्याचा आकडा कायमचा पक्का करते. कल्याण २ वर पक्कं होतं. ठाण्यामार्गे खर्च फक्त १ हजार आहे, पण ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ‘पुढे खर्च वाढतच जाणार’ हे तिचं गृहीतकच इथे मोडतं.

प्रत्येक टप्प्यात ४ मिळवून उणे काढलं तरी भागत नाही. थेट मार्ग ६ होतो, ठाण्यामार्गे ९. दोन टप्प्यांच्या मार्गावर भार दुप्पट पडतो.

अशा वेळी बेलमन-फोर्ड वापरतात. ठिकाणं n असतील, तर सगळे टप्पे n−१ वेळा तपासायचे. त्यानंतरच्या फेरीतही एखादा आकडा घटला, तर उणे बेरजेचं चक्र आहे. त्यात फिरत राहिलं की खर्च घटतच जातो, म्हणून ‘सर्वांत स्वस्त मार्ग’ उरतच नाही.