गुणपत्रकाचा फोटो आणि प्रमाणित भाषांतराचा अर्ज

मराठी गुणपत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडून इंग्रजी प्रमाणित भाषांतर मागणारा अर्ज विद्यापीठात आला, तर केवळ फोटो पाहून त्यावर सहीशिक्का मिळत नाही. मूळ कागदावर खाडाखोड झाली आहे का, शिक्का खरा आहे का, हे फोटोवरून ठरवता येत नाही. परीक्षा विभाग प्रमाणित करतो ती स्वतःच्या दप्तरातली नोंद. फोटोचा उपयोग ती नोंद शोधण्यापुरता. म्हणून अर्जही नोंद सापडेल अशा बेताने लिहावा लागतो.

समजा, २०१४ साली बी. ए. झालेल्या विद्यार्थिनीला परदेशातल्या प्रवेशासाठी असे भाषांतर हवे आहे आणि मूळ गुणपत्रक गावी आहे. तिचा अर्ज एवढाच पुरे:

‘प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ.
विषय : गुणपत्रकाचे इंग्रजी प्रमाणित भाषांतर मिळणेबाबत.
महोदय, मी एप्रिल २०१४ मध्ये तृतीय वर्ष बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाले. आसन क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक आणि महाविद्यालयाचे नाव खाली दिले आहे. गुणपत्रकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. आपल्या नोंदीशी पडताळून इंग्रजी भाषांतराच्या दोन प्रती सहीशिक्क्यासह द्याव्यात, ही विनंती. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत सोबत आहे. शुल्क किती व कुठे भरावे, ते कृपया कळवावे.’

‘नोंदीशी पडताळून’ हे शब्द अर्जात सर्वांत मोलाचे आहेत. ते नसले तर मागणी फोटोवर शिक्का मारून घेण्याची वाटते आणि अर्ज परत येतो. पासपोर्टची प्रत नावासाठी लागते. दीक्षितसारखे आडनाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहितात. भाषांतरातले स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळे निघाले, तर दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे पुन्हा सिद्ध करावे लागते. विद्यापीठाच्या नोंदीतच वेगळे स्पेलिंग असेल, तर आधी नावदुरुस्तीचा अर्ज करावा लागतो.

फोटोत नेहमी राहून जाते ती मागची बाजू. श्रेणींचा अर्थ आणि उत्तीर्णतेचे नियम अनेकदा तिथेच छापलेले असतात. कागद सपाट ठेवून, चारही कोपरे येतील असा, खिडकीच्या उजेडात फोटो काढावा. फ्लॅशने लॅमिनेशन चमकते आणि नेमके आकडे पुसट होतात. देवनागरीतले १ आणि ९, तसेच ५ आणि ६, पुसट फोटोत सहज एकमेकांसारखे दिसतात. आसन क्रमांकातला एक अंक असा चुकला, तर दुसऱ्याच विद्यार्थ्याची नोंद समोर येते. म्हणून क्रमांक अर्जात स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहावेत.

काही विद्यापीठे भाषांतर करून देत नाहीत, त्याऐवजी इंग्रजी ट्रान्सक्रिप्ट देतात. बहुतेक प्रवेशांना ते चालते. नोटरीकडून करून घेतलेले भाषांतर मात्र वेगळे: नोटरी भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्राला साक्ष असतो, गुण बरोबर असल्याची हमी तो देत नाही. जर्मनीतली विद्यापीठे अनेकदा शपथबद्ध भाषांतरकाराचेच भाषांतर मागतात. त्यामुळे कोणत्या प्रकारचे भाषांतर चालेल, हे प्रवेश देणाऱ्या संस्थेला विचारूनच अर्ज पाठवावा.