दिवे चार, हिशेब वेगळा

पॉवर बँकेवरचा प्रत्येक दिवा म्हणजे पाव चार्ज, असं आपण धरून चालतो. वापरताना मात्र हे गणित जुळत नाही. फोन जोडला की दोन दिवे दिसतात आणि काढल्यावर थोड्या वेळानं बटण दाबलं की तीन. शेवटचा दिवा कधी तासभर तग धरतो, तर कधी दहा मिनिटांत विझतो. टक्के दाखवणाऱ्या महागड्या पॉवर बँकाही १५-१८ टक्के दाखवता दाखवता अचानक बंद पडतात. बहुतेक वेळा यात बिघाड काही नसतो. आत किती वीज उरली आहे हे दिवे मोजतच नाहीत. ते मोजतात सेलचा व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, आणि त्यावरून शिल्लक किती असेल याचा अंदाज बांधतात.

दाबावरून साठा ओळखणं किती अवघड असतं, हे गॅस सिलिंडर वापरणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आत द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत दाब जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे ज्योत पाहून सिलिंडर अर्धा आहे की पाव, हे सांगता येत नाही. म्हणून कोणी सिलिंडर उचलून पाहतं, कोणी तो लावल्याची तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवतं. लिथियम-आयन सेलचं वागणं अगदी इतकं सपाट नसलं, तरी बरंचसं त्याच वळणाचं आहे.

पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज ४.२ असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास तो रिकामा धरला जातो. या दोन टोकांमधली उतरण सरळ रेषेत होत नाही. विश्रांतीत असलेला सेल पाऊण भरलेला असताना साधारण ३.९५ व्होल्ट दाखवतो, अर्धा असताना ३.७५ आणि पाव उरल्यावर ३.६५. अर्ध्यावरून पावावर येताना, म्हणजे अख्खा एक दिवा खर्च होताना, व्होल्टेज जेमतेम ०.१ नं घसरतो. सगळ्यात शेवटी मात्र तो कड्यावरून कोसळल्यासारखा खाली येतो. सेलच्या रसायनानुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण उतरणीचा आकार असाच राहतो. मधल्या सपाट भागात व्होल्टेज किंचित चुकला, तरी अंदाजात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडू शकतो.

आणि व्होल्टेज चुकण्याचं एक कारण वापरातच दडलेलं आहे. प्रत्येक सेलला थोडा अंतर्गत रोध असतो. जितका जास्त करंट ओढाल, तितका व्होल्टेज त्या वेळेपुरता खाली बसतो. एक उदाहरण घेऊ. दहा हजार एमएएचची पॉवर बँक बरोबर अर्धी भरलेली आहे आणि तिचा सेल ३.७५ व्होल्टवर शांत आहे. तिला १८ वॅटचं फास्ट चार्जिंग घेणारा फोन जोडला. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमधली तूट धरली, तर सेलमधून सुमारे ५.३ अँपिअर करंट निघतो. सेल आणि आतल्या जोडण्या मिळून ०.०४ ओहम रोध असेल, तर ०.२ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. सर्किटला दिसतात साधारण ३.५५ व्होल्ट, म्हणजे पावाच्याही खालचा आकडा. अर्धी भरलेली पॉवर बँक आता एकच दिवा दाखवते. फोन काढा, काही मिनिटं जाऊ द्या, व्होल्टेज परत वर येतो आणि दुसरा दिवा पेटतो. वीज वाढलेली नसते, फक्त ओझं उतरलेलं असतं. त्याच पॉवर बँकेला इअरबड्सची डबी लावली, तर करंट इतका कमी असतो की दिवे जवळपास खरं बोलतात. थंडीत अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे गडावर तंबूतून बाहेर काढलेली पॉवर बँक घरच्यापेक्षा रिकामी वाटते.

पॉवर बँक स्वतः चार्ज होत असते तेव्हा हीच चूक उलट बाजूनं होते. करंट आत ढकलला जात असल्यामुळे व्होल्टेज खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि तीन दिवे लवकर पेटतात. पुढे सेल ४.२ व्होल्टवर पोचला की चार्जर दाब तसाच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू कमी करत नेतो. या टप्प्यात चौथा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो. ‘झालंच आहे’ म्हणून तेव्हाच वायर काढणारे पॉवर बँक पूर्ण भरत नाहीत. चौथा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायला हवं.

मग टक्क्यांचा आकडा तरी अचूक असतो का? त्यात दोन प्रकार आहेत. स्वस्त प्रकारात व्होल्टेजचंच टक्क्यांत रूपांतर केलेलं असतं. दिव्यांचाच अंदाज, फक्त अंकांच्या वेषात. दुसऱ्या प्रकारात सेलच्या वाटेवर अगदी छोटा रेझिस्टर बसवून आत-बाहेर जाणारा करंट सतत मोजला जातो आणि त्याची बेरीज-वजाबाकी ठेवली जाते. ही पद्धत नक्कीच चांगली, पण तिचा हिशेबही हळूहळू भरकटतो. पडून असताना स्वतःच झिरपणारी वीज त्यात नीट धरली जात नाही, मोजमापातल्या बारीक चुका साठत जातात आणि सेल म्हातारा होऊन त्याची धारणक्षमता घटली, तरी सर्किट जुनीच क्षमता धरून भागाकार करत राहतं. वहीत वीस टक्के शिल्लक आणि सेल मात्र रिकामा, ही अचानक बंद पडण्याची गोष्ट बहुधा इथूनच निघते.

आपल्याकडची पॉवर बँक कोणत्या प्रकारची आहे, हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. आकडा चाळीस-साठच्या दरम्यान असताना फास्ट चार्जिंगचा फोन जोडा. एक-दोन मिनिटांतच आकडा आठ-दहानं घसरला आणि फोन काढल्यावर पुन्हा चढला, तर तो व्होल्टेजवरचा अंदाज समजा. आकडा उलट चढू नये अशी सोय काही ठिकाणी केलेली असते, त्यामुळे तो चढला नाही म्हणजे मोजणी खरीच, असं मात्र नाही. मोजणी करणारी पॉवर बँक असेल, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा ती पूर्ण भरून, आपोआप बंद पडेपर्यंत वापरून, लगेच पुन्हा पूर्ण भरावी. दोन्ही टोकं सापडली की हिशेब पुन्हा जागेवर येतो. हे वारंवार करू नये, कारण तळ गाठणं सेलला मानवत नाही.

नुसते दिवे असतील, तर पहिला नियम सोपा आहे. काहीही जोडलेलं नसताना, अर्धा-एक तास विश्रांतीनंतर बटण दाबून जे दिसेल तेच खरं मानावं. तरीही एका दिव्याचा अर्थ पंचवीस टक्के असा घेऊ नये. तो पंचवीसपासून एकपर्यंत काहीही असू शकतो.

यापेक्षा नेमकं हवं असेल, तर खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि तो वॅट-अवरमध्ये ठेवावा. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॅट-अवर. दहा हजार एमएएच हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. त्याचे होतात ३७ वॅट-अवर. बाहेर देताना तूट होते, म्हणून पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड कॅपॅसिटी’ वेगळी छापलेली असते. तिथे ५ व्होल्टला ६००० एमएएच असं लिहिलं असेल, तर खरोखर हाती येणार ३० वॅट-अवर. खर्चासाठी खिशातली रक्कम ही धरायची.

आता फोनकडे पाहू. ५००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-अवर मावतात. फोन २० टक्क्यांवरून ७० वर नेला, तर बॅटरीत साडेनऊ वॅट-अवर गेले. वायरमध्ये, उष्णतेत आणि फोन चालू राहण्यात काही वाया जातं, म्हणून पॉवर बँकेतून साधारण १२ गेले असं धरावं. तिसातून बारा गेले, अठरा उरले, म्हणजे साठ टक्के. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच चार्जिंग केलं, तर उरतात सहा, म्हणजे वीस टक्के. या सहामध्ये तोच फोन आणखी पंचवीस टक्के चढेल, त्यापुढे नाही. या दुसऱ्या चार्जिंगच्या मध्यावर, जवळपास चाळीस टक्के शिल्लक असतानाच एक दिवा दिसू शकतो. हिशेब माहीत असेल तर त्यानं घाबरायला होत नाही. उलट काम संपल्यावर दोन दिवे दिसले, तरी फोन पूर्ण भरेल असा भ्रमही होत नाही.

इअरबड्स किंवा फिटनेस बँड लावल्यावर पॉवर बँक काही वेळात बंद पडते, तेव्हा ती संपली असं समजू नये. अगदी कमी करंट जात असेल तर बऱ्याच पॉवर बँका काहीच जोडलेलं नाही असं मानून आपणहून झोपी जातात. काहींमध्ये बटण दोनदा दाबून कमी करंटची सोय चालू करता येते.

छापील क्षमतेवर विसंबायचं नसेल, तर काही शे रुपयांत यूएसबी मीटर मिळतो. पॉवर बँक आणि फोन यांच्या मध्ये तो लावला की किती वॅट-अवर गेले, हे दिसतं. पूर्ण भरलेली पॉवर बँक एक-दोन फोन आलटून पालटून जोडून बंद पडेपर्यंत वापरावी आणि मीटरवरचा एकूण आकडा टिपावा. तिची खरी क्षमता तीच. मीटरवर एमएएचचा आकडाही असतो, पण तो पाहू नये. फास्ट चार्जिंगमध्ये व्होल्टेज ५ वरून ९ वर गेला की तेच ३० वॅट-अवर ६००० ऐवजी सुमारे ३३०० एमएएच दिसतात आणि उगाच फसवणुकीचा संशय येतो.

ही मोजणी वर्षातून एकदा करावी, कारण म्हातारपण दिव्यांना दिसतच नाही. निम्मी क्षमता गमावलेला सेलही भरल्यावर ४.२ व्होल्टच दाखवतो आणि चारही दिवे पेटतात. मीटरवर ३० च्या जागी २२ आले, तर पुढचा हिशेब २२ धरून करायचा. १५ च्या खाली गेले, तर नवी घेण्याची वेळ झाली. आणि पॉवर बँक फुगलेली दिसली, तर दिवे, टक्के, मीटर सगळं बाजूला ठेवून वापर तिथेच थांबवावा आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.