‘पस सेल्स’ आणि न दिसणारं रक्त

लघवीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर ‘पस सेल्स’वर अडते. पस म्हणजे पू, म्हणजे आत काहीतरी पिकलंय, असं वाटून जीव घाबरा होतो. प्रत्यक्षात या रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात आणि थोड्याफार प्रत्येकाच्याच लघवीत सापडतात. लॅबमध्ये लघवी यंत्रात फिरवून तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात पाचपर्यंत पेशी असल्या, तर सहसा काळजीचं कारण नसतं.

समजा, तिशीतल्या एका बाईंचा रिपोर्ट असा आला: पस सेल्स ८-१०, एपिथेलियल सेल्स १५-२०, अल्ब्युमिन ‘ट्रेस’. लघवीला जळजळ नाही, ताप नाही. इथे मेडिकलमधून अँटिबायोटिक आणण्याआधी मधला आकडा बघावा. एपिथेलियल सेल्स म्हणजे त्वचेच्या आणि योनिमार्गाच्या अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी. त्या इतक्या दिसल्या की बाहेरचा स्राव नमुन्यात मिसळल्याची दाट शक्यता असते, आणि पांढऱ्या पेशीही त्याच्याबरोबरच आलेल्या असू शकतात. अशा वेळी नमुना पुन्हा द्यावा. जागा पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार डबीत धरावी आणि डबी तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचवावी. पाळी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं. तरीही पस सेल्स जास्त आल्या आणि त्रासही होत असेल, तर डॉक्टर लघवीचं कल्चर सांगतात. ते अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचं असतं, नाहीतर जंतू असूनही सापडत नाहीत.

अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन. मूत्रपिंडाची गाळणी ते आतच राखते. ताप, खूप व्यायाम किंवा कमी पाणी पिणं, एवढ्यानेही ‘ट्रेस’ म्हणजे पुसटसा अंश दिसू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांच्या लघवीत मात्र तीन महिन्यांनंतरही ते सापडत राहिलं, तर मूत्रपिंडाला इजा होते आहे असं समजतात. गरोदरपणात रक्तदाब वाढून अल्ब्युमिन दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

शौचाच्या रिपोर्टमधलं ‘ऑकल्ट ब्लड’ म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त. जुन्या रासायनिक पद्धतीत मटण किंवा कच्चा मुळा खाल्ल्यानेही खोटं ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतं, तर क्हिटॅमिन सीच्या गोळ्यांमुळे खरं रक्त लपतं. नवी इम्युनो पद्धत फक्त माणसाचं रक्त ओळखते, म्हणून तिला पथ्य लागत नाही. पण रक्त मूळव्याधीचं, जंतांचं, की आतड्यातल्या गाठीचं, हे कुठलीच पद्धत सांगत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने ‘मूळव्याधच असेल’ म्हणून सोडून न देता दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून घ्यावी. ‘निगेटिव्ह’ आलं तरी वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, तर तेवढ्यावर थांबू नये, कारण गाठीतून रक्त रोजच येतं असं नाही.