६४ बाइटांत खरे माप

एटीटायनी१३ या चिमुकल्या चिपमध्ये रॅम फक्त ६४ बाइट असते. तिला सेन्सर जोडला, की वाचने ० ते १०२३ या अंकांत येतात आणि प्रत्येक वाचन दोन बाइट जागा घेते. सरासरीसाठी मागची १६ वाचने साठवली, तर निम्मी रॅम तिथेच संपते.

शिवाय सरासरी एका खोट्या उसळीनेही बिघडते. शेजारची मोटर सुरू झाली आणि ५१२, १०२३, ५१४ अशी वाचने आली, तर सरासरी ६८३ निघते. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला अंक, मात्र ५१४ येतो. म्हणून आधी तीन वाचनांचा मध्यक m काढावा. मग उरलेली थरथर सरासरीने शमवावी:

```c
s = s - (s >> 4) + m;
y = s >> 4;
```

`>> 4` म्हणजे १६ने पूर्णांक भागाकार. इथे s मध्ये सरासरीची १६ पट साठते, y हे उत्तर. मागची दोन वाचने आणि s मिळून सहा बाइट पुरतात.

s ऐवजी थेट सरासरी साठवली, तर फसगत होते. ती ५०० असताना खरे माप ५१५ झाले, तर फरक १५. त्याला १६ने भागल्यावर पूर्णांकात शून्य उरते. आकडा ५००वरच अडकतो. s मध्ये तो फरक साचत जातो.

सुरुवातीला s मध्ये पहिल्या वाचनाची १६ पट भरावी, नाहीतर आकडा शून्यापासून हळूहळू चढतो. माप एकदम बदलले, तर १६ वाचनांनंतरही सुमारे दोन-तृतीयांशच बदल दिसतो. लागोपाठ दोन उसळ्या आल्या, तर तीनांचा मध्यकही चुकतो. तिथे पाचांचा घ्यावा.