सदनिकेचं हस्तांतरण आणि पंचवीस हजारांची मर्यादा

महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका विकताना नोंदणीकृत करार झाला, तरी खरेदीदार आपोआप सभासद होत नाही. त्यासाठी संस्थेकडे अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाल्यावर शेअर सर्टिफिकेटच्या मागे नव्या सभासदाचं नाव लिहून पदाधिकारी सह्या करतात. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी ना हरकत पत्र सक्तीचं नाही. मात्र गृहकर्ज देताना बँक ते सहसा मागते.

पुण्यातली सदनिका ऐंशी लाखांना विकली, तरी हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये आणि अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये, म्हणजे एकूण २५,६०० रुपयेच घेता येतात. ‘विकासनिधी’ किंवा देणगी म्हणून वर लाखभर मागणं नियमबाह्य ठरतं. अशा वेळी मागणी लेखी घ्यावी आणि उपनिबंधकांकडे तक्रार करावी.