पेटीवरचे २५ अंश आणि संगमनेरचा मे महिना

संधिवात, मणक्याचा आखडता वात म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सोरायसिस आणि आतड्यांचा क्रोन्स आजार अशा दीर्घ दुखण्यांसाठी आता जी तयार भरलेली इंजेक्शनची पेने मिळतात, त्यांच्या पेटीवर बाजारनावाबरोबरच औषधाचे मूळ नाव छापलेले असते आणि ते पुष्कळदा ‘मॅब’ या अक्षरांनी संपते: अ‍ॅडालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब, गोलिमुमॅब. मॅब म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी, अर्थात एकाच पेशीच्या वंशातून वाढवलेल्या पेशींनी तयार केलेले, सगळे रेणू एकसारखे असलेले प्रतिपिंड. जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी असे प्रतिपिंड तयार करण्याची पद्धत १९७५ मध्ये मांडली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून नव्या प्रतिपिंडांना हा प्रत्यय देणे थांबवून ‘टग’, ‘बार्ट’ यांसारखे वेगळे प्रत्यय ठरवले आहेत; मात्र आधी नाव मिळालेली औषधे मॅब म्हणूनच ओळखली जातात आणि फ्रिजमध्ये सांभाळण्याचा प्रश्नही मुख्यतः त्यांचाच आहे.

यांपैकी अ‍ॅडालिमुमॅबची ओळख भारतात बरीच जुनी आहे. अमेरिकेत २००२ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या या औषधाची जगातली पहिली समरूप आवृत्ती, म्हणजे मूळ जैविक औषधाशी गुणधर्मांनी जुळणारी दुसऱ्या उत्पादकाची आवृत्ती, अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली, आणि पुढे इतर भारतीय कंपन्यांच्याही आवृत्त्या आल्या. बहुतेक सांध्यांच्या रुग्णांना ४० मिलिग्रॅमचे एक पेन दर दोन आठवड्यांनी घ्यावे लागते, आणि ते घरीच घेता येत असल्यामुळे औषधाची साठवण रुग्णालयाच्या शीतकपाटातून घरातल्या एकदारी फ्रिजमध्ये, भाजी, दूध आणि पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी आली.

थंडाव्याची साखळी म्हणजे काय, हे संगमनेर तालुक्याला निराळे सांगावे लागत नाही. येथे गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध जमते, बल्क कूलरमध्ये ते ४ अंशांपर्यंत उतरवले जाते, आणि वीज गेली की जनित्र सुरू करण्याची घाई का करायची हे केंद्रावरच्या माणसाला पक्के ठाऊक असते. परंतु दुधाचा अनुभव या औषधाच्या बाबतीत एका महत्त्वाच्या ठिकाणी अपुरा पडतो. बिघडलेले दूध वासाने कळते, आणि वासाने नाही कळले तरी पातेल्यात तापवताना ते फाटते. प्रतिपिंड बिघडले तरी पेनच्या खिडकीतला द्रव बहुधा तसाच स्वच्छ, रंगहीन किंवा किंचित पिवळसर दिसतो. द्रव गढूळ झाला असेल किंवा त्यात कण तरंगत असतील, तर ते पेन वापरायचे नाही हे उघड आहे. पण तो स्वच्छ दिसतो म्हणून औषध चांगले आहे, हा निष्कर्ष काढता येत नाही.

याचे कारण रेणूच्या घडणीत आहे. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि ते साध्या गोळीतल्या औषधाच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठे असते. त्याच्या साखळ्या एका ठरावीक पद्धतीने दुमडलेल्या असतात व त्या घडीवरच त्याचे काम अवलंबून असते. अ‍ॅडालिमुमॅब टीएनएफ नावाच्या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला पकडते, ते या घडीमुळे तयार झालेल्या दोन टोकांनी. उष्णतेने घडी सैल होते, आत दडलेले भाग बाहेर येतात आणि शेजारच्या रेणूंना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. असे पुंजके डोळ्यांना दिसण्याइतके मोठे नसले तरी शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना परके समजून औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करण्याची शक्यता वाढते, आणि मग औषधाचा गुण ओसरू लागतो. औषधाविरुद्धची अशी प्रतिपिंडे नीट सांभाळलेल्या औषधानेही काही रुग्णांत तयार होतात. म्हणून दुखणे परत उसळले तर दोष शरीराचा, आजाराचा की फ्रिजचा, हे नंतर शोधणे फार अवघड जाते. म्हणूनच साठवणुकीची नोंद आधीपासून ठेवण्याला अर्थ आहे.

पेटीवर २ ते ८ अंश सेल्सिअस ही मर्यादा लिहिलेली असते आणि बहुतेकांचे लक्ष त्यातल्या ८ कडे असते. घरगुती फ्रिजमध्ये धोका २ च्या बाजूलाही तेवढाच, किंबहुना अधिक असतो. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक शुद्ध पाण्याचे बनतात, त्यामुळे प्रथिने आणि क्षार उरलेल्या थोड्या द्रवात दाटतात, त्याची आम्लता बदलू शकते आणि बर्फाच्या पृष्ठभागाला लागून रेणूंची घडी मोडते. बर्फ वितळल्यावर द्रव पुन्हा पूर्वीसारखा दिसतो, पण एकदा गोठलेले पेन टाकूनच द्यावे लागते. एकदारी फ्रिजमध्ये फ्रीझरखालचा ट्रे आणि मागची भिंत या जागा सर्वांत थंड असतात. मे महिन्यात पाणी लवकर गार व्हावे म्हणून रेग्युलेटरची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवली जाते आणि पुढे थंडी पडली तरी ती तशीच राहते, तेव्हा याच जागांचे तापमान शून्याखाली उतरते. दारातला कप्पा दार उघडताच तापतो, म्हणून तोही योग्य नाही. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून चार बोटे अंतर राखून, मूळ पुठ्ठ्याच्या पेटीसह झाकणाच्या डब्यात ठेवणे हा सुरक्षित मार्ग आहे. पुठ्ठ्याची पेटी काढून टाकू नये, कारण ती प्रकाश अडवते आणि प्रकाशानेही प्रथिनावर परिणाम होतो. त्या डब्याशेजारी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमानाची आठवण ठेवणारा छोटा डिजिटल तापमापक ठेवला, तर रात्री काय घडले ते सकाळी वाचता येते.

लसीकरणाशी संबंध आलेल्या परिचारिकांना आणि आशा सेविकांना गोठलेली लस ओळखण्याची हलवून पाहण्याची चाचणी माहीत असते: संशयित कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी एकत्र हलवून ठेवायची आणि साका किती वेगाने बसतो ते पाहायचे. ती चाचणी ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसींसाठी आहे. मॅबच्या पेनमध्ये साका बसण्यासारखे काही नसते, उलट जोराने हलवल्यास हवा आणि द्रव यांच्या सीमेवर प्रथिनाचे पुंजके बनू शकतात. लसीकरणातली दुसरी एक रीत मात्र येथे तशीच उपयोगी पडते. फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट पेटीत न ठेवता, तो हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवायचा, कारण तोवर त्याचे तापमान शून्याच्या आसपास आलेले असते. पुण्याहून किंवा नाशिकहून पेन आणताना थर्माकोलच्या पेटीत कडक गोठलेले जेल पॅक पेनला भिडवून ठेवले, तर उन्हापासून वाचवलेले औषध वाटेत बर्फाने बिघडते. पॅक आणि पेन यांच्यामध्ये जाड पुठ्ठा किंवा टॉवेलची घडी असलीच पाहिजे.

आता २५ अंशांचा प्रश्न. मूळ अ‍ॅडालिमुमॅबच्या माहितीपत्रकात, गरज पडल्यास पेन २५ अंशांपर्यंतच्या तापमानात जास्तीत जास्त १४ दिवस ठेवता येते, असे म्हटले आहे. सेक्युकिनुमॅबसाठी ही सवलत ३० अंशांपर्यंत एकदाच, ४ दिवसांची आहे. समरूप आवृत्त्यांचे दिवस उत्पादकागणिक वेगळे असू शकतात, म्हणून मूळ नाव एक असले तरी हाती असलेल्या पेटीतलाच कागद प्रमाण मानावा लागतो. या सवलतीला बोलण्यात ‘बाहेरच्या तापमानाला चालते’ असे म्हटले जाते आणि चूक तेथेच होते. मे महिन्यात संगमनेरात पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरातली खोली रात्रीही २५ अंशांवर येत नाही. कागदावरची ‘खोली’ ही येथली खोली नव्हे. घरात इन्सुलिन वापरणारे कोणी असेल तर गोंधळ वाढतो, कारण अनेक प्रकारचे इन्सुलिन वापरायला काढल्यावर चार आठवडे बाहेर चालते आणि तीच सवय मॅबच्या पेनला लावली जाते. माठाजवळच्या ओल्या फडक्यातही तापमान २५ च्या खाली राहीलच याची खात्री तापमापकाशिवाय देता येत नाही. शिवाय २५ अंशांना १४ दिवस म्हणजे ४० अंशांना अमुक तास, असा हिशेबही मांडता येत नाही, कारण जास्त तापमानात रेणू मोडण्याची रीतच बदलू शकते.

एक उदाहरण सविस्तर पाहता येईल. समजा, तालुक्यातल्या एका रुग्णाच्या फ्रिजमध्ये अ‍ॅडालिमुमॅबची दोन पेने आहेत, त्यांच्या कागदावर २५ अंश व १४ दिवस अशी मर्यादा आहे, आणि ती १२ मे व २६ मे रोजी घ्यायची आहेत. ८ मेच्या रात्री वीज जाते, पहाटे येते; फ्रिजचे दार कोणी उघडलेले नाही आणि तापमापक सर्वांत कमी ३ व सर्वांत जास्त १३ अंश दाखवतो. १३ अंश हे ८ च्या वर असले तरी २५ च्या आत आहेत, म्हणून पेने फेकण्याचे कारण नाही. मात्र सावध हिशेबाने १४ दिवसांची मोजणी ८ मेपासून सुरू झाली असे धरून ती तारीख पेटीवर लिहावी. ही मुदत २२ मेला संपते. १२ मेचे पेन तिच्या आत येते, २६ मेचे येत नाही. दुसऱ्या पेनसाठी उत्पादकाच्या मदत क्रमांकावर बॅच क्रमांक, सर्वांत जास्त तापमान आणि अंदाजे तास सांगून विचारावे, कारण स्थिरतेच्या चाचण्यांची सविस्तर माहिती त्यांच्याकडेच असते आणि एवढ्या छोट्या चढउतारानंतर पेन वापरण्यास ते हरकत नाही असेही सांगू शकतात. तापमापकाने ३ ऐवजी उणे १ दाखवले असते, तर पेन गोठले असण्याची शक्यता धरून ते उत्तर मिळेपर्यंत वापरू नये. आणि पेटी मागच्या भिंतीच्या बर्फाला चिकटलेली किंवा द्रव गोठलेला दिसला, तर विचारण्याचीही गरज नाही, ते पेन बाद समजावे. तापमापकच नसेल तर यांपैकी कोणताही निर्णय आधाराने घेता येत नाही. काही हजार रुपयांचे पेन तेव्हा केवळ अंदाजावर वापरले किंवा टाकले जाते.

वापरण्यापूर्वी पेन १५ ते ३० मिनिटे फ्रिजबाहेर ठेवायचे असते, कारण गार द्रव टोचताना जास्त दुखते. या वेळात त्याचे टोपण काढायचे नाही आणि घाई म्हणून ते गरम पाण्यात, उन्हात किंवा शेगडीजवळ धरायचे नाही. त्या अर्ध्या तासात पेनवर दव साचते. ते फडक्याने पुसून खिडकीतून द्रव पाहावा. त्यात हवेचा एखादा बुडबुडा दिसला तर तो दोष नाही.