दोन श्रेणींच्या मधले गुण

पदवीच्या गुणपत्रिकेवर आता टक्क्यांऐवजी श्रेणीअंक दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा अंकी पद्धतीत ‘ओ’ श्रेणीस १०, ‘ए प्लस’ श्रेणीस ९ आणि ‘ए’ श्रेणीस ८ अंक आहेत. कोणत्या श्रेणीस किती गुण लागतात, हे विद्यापीठे ठरवितात. उदाहरणादाखल पुढील सीमा घेऊ: ५५ गुणांस ७ अंक, ६० गुणांस ८, ७० गुणांस ९ आणि ८० गुणांस १०.

ही रचना पायऱ्यांची आहे. ६० गुणांस ८ अंक, ६९ गुणांसही ८ अंकच. एका विद्यार्थिनीस समान भाराच्या तीन विषयांत ६९, ६९ व ५९ गुण मिळाले. तिचे अंक ८, ८ व ७, सरासरी ७.६७. दुसरीस ७०, ६० व ५५ गुण मिळाले. तिचे अंक ९, ८ व ७, सरासरी ८. पहिलीची बेरीज १९७ आणि दुसरीची १८५. तरीही शिष्यवृत्तीच्या यादीत दुसरी वर जाते.

यावरील गणिती उपाय म्हणजे रेषीय अंतर्वेशन. मिळालेल्या गुणांतून खालची सीमा वजा करावी, दोन सीमांमधील अंतराने भागावे आणि आलेला अपूर्णांक खालच्या श्रेणीच्या अंकात मिळवावा. ६९ गुणांसाठी ९ भागिले १०, म्हणजे ०.९, अंक झाले ८.९. ५९ गुणांसाठी अंतर पाचच आहे. म्हणून ४ भागिले ५, आणि अंक ७.८. पहिलीची सरासरी आता ८.५३ होते; दुसरी तिन्ही विषयांत नेमकी सीमेवर असल्याने ८ वरच राहते.

येथे एक चूक वारंवार होते. ‘६० ते ६९’ असा तक्ता पाहून भाजक ९ धरला जातो. मग ६९ गुणांसही ९ अंक येतात आणि ६९ व ७० यांतील भेदच नाहीसा होतो. पडताळा सोपा आहे: सीमेवरील गुणांस खालच्या व वरच्या दोन्ही गटांच्या सूत्राने एकच उत्तर आले पाहिजे.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पाच गुणांच्या गटात एक गुण ०.२ अंकांचा ठरतो, तर दहा गुणांच्या गटात ०.१ चा. ८० च्या वर पुढची श्रेणी नसल्याने अंक १० वरच थांबतात. उत्तीर्णतेच्या सीमेखाली मात्र ही पद्धत लावू नये. अन्यथा अनुत्तीर्णासही अंक मिळू लागतील.

अंतर्वेशनाने अंक वाढतात किंवा तेवढेच राहतात, कमी कधीच होत नाहीत. त्यामुळे एका यादीत सर्वांस एकच पद्धत लावणे न्यायाचे होय. पालकांनीही अर्जात घरी काढलेला आकडा न लिहिता गुणपत्रिकेवर छापलेलाच लिहावा.